मैत्री विरत चाललीय, भांडण काहीच नाही, निरोपाचा मेसेज कसा लिहू?

तापीकाठची

मेसेज लिहायला मदत हवीय. मी मूळची चोपड्याची, आता धुळ्यात असते. जळगावला एम.ए. करताना जी माझी रूममेट होती तिच्याबद्दल आहे हे, ती लग्नानंतर नाशिकला गेली. आमच्यात भांडण नाही, पैशाचा व्यवहार नाही, कोणी कोणाला काही बोललेलं नाही. नुसतं कमी कमी होत गेलंय सगळं, आधी रोज फोन, मग महिन्याला, आता वाढदिवसाला केकचं चित्र आणि मध्येच एखादा फॉरवर्ड.

अडचण एकाच गोष्टीची आहे. दर हिवाळ्यात आमच्या शेतात भरीत पार्टी असते आणि कॉलेजपासून तिची तारीख मी तिला विचारून धरते. ती दरवेळी म्हणते नक्की येते, आणि ऐनवेळी जमत नाही. घरचे थांबलेले असतात, वहिनी विचारते मैत्रीण येतेय ना, आणि मी आपली फोनकडे बघत बसते. नाशिकला कामाने गेले की तसंच, भेटू नक्की म्हणते आणि मग मुलाची परीक्षा नाहीतर पाहुणे. मला आता हे थांबवायचंय. तिला दुखवायचं नाहीये, तिला वाईट ठरवायचं तर अजिबातच नाहीये. आणि तिची आई आमच्याच गल्लीत राहते, श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसते तेव्हा मी दर्शनाला जातेच, त्यामुळे तोंड फिरवून जगता येणार नाही मला आणि तशी इच्छापण नाही.

हे लिहिलंय, बघा:

"हाय, कशी आहेस? खूप दिवस झाले ना बोलून. तुला माहितीये मला तुझ्याबद्दल किती वाटतं. पण गेली काही वर्षं मीच फोन करतेय, मीच भेटायचं ठरवतेय, तुझ्याकडून काहीच येत नाही. मी तुला दोष देत नाहीये, तू बिझी असतेस, संसार आहे, समजतं मला. पण आपण आता पूर्वीसारख्या राहिलो नाही असं वाटतं. तुला काय वाटतं? माझं काही चुकलं असेल तर माफ कर. तू नेहमीच माझी बेस्ट फ्रेंड राहशील. कधीही काहीही लागलं तर मी आहेच. काळजी घे."

पाठवायला बोट जात नाहीये. काहीतरी बरोबर नाही एवढं कळतंय, काय ते कळत नाहीये.

धुळेकर७७

ताई पाठवूच नका. मैत्री आपोआप कमी होते तशी होऊ द्यावी. फोन करणं बंद करा, तारीख विचारणं बंद करा, संपलं. समोरच्याला लेखी कळवायला हे काय भाडेकरार आहे का. माझे कॉलेजचे निम्मे मित्र असेच गेले, कोणी कोणाला मेसेज केला नाही, रस्त्यात भेटलो की आजही चहा पितो. मेसेज आला की माणूस विचार करत बसतो, माझं काय चुकलं. गप्प राहणं हाच सभ्यपणा.

आसोदेकर

भरीताची पार्टी म्हटल्यावर राहवलं नाही. वांगी कुठून आणता तुम्ही? आमच्या आसोद्याची नाहीतर बामणोदचीच घ्या, हिरवट पांढरी, बी कमी असतं, आणि तुराट्यांवरच भाजा, गॅसवर नको. मैत्रीण आली नाही तरी पार्टी थांबवू नका, एकदा थंडी गेली की वांग्याला ती चव राहत नाही.

तापीकाठची

आसोदेकर दादा, वांगी बामणोदचीच असतात, आणि तुराट्यांवरच :) पण प्रश्न वांग्याचा नाहीये.

धुळेकर दादा, तुमचं पटतंय पण मग डिसेंबरात तिचाच फोन आला, "यंदा कधी आहे गं भरीत?" तर मी काय सांगू? ती विचारते दरवर्षी. विचारते आणि येत नाही.

सातपुडा_आक्का

मी समुपदेशनाचं काम बरीच वर्षं केलं, आता घरी असते. तुझा मेसेज तीनदा वाचला, त्यावर बोलूच, पण आधी एक विचारते आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ती फक्त तुझ्याशी कमी झालीय की सगळ्यांशीच? आणि हे हळूहळू वर्षानुवर्षं झालंय की गेल्या दोन-तीन महिन्यांत एकदम?

का विचारते सांगते. बाई एकदम सगळ्यांपासून तुटली, स्टेटस बंद, माहेरचे फोन टाळते, कॉमन मैत्रिणींनाही उत्तर नाही, तर ती मैत्री विरण्याची खूण नसते. घरात काही चालू असू शकतं, आजारपण असू शकतं, मन खचलेलं असू शकतं. अशा वेळी निरोपाचा मेसेज गेला तर तिला वाटतं उरलेला एक धागाही गेला. तेव्हा निरोप लिहायचाच नाही, सरळ जाऊन भेटायचं किंवा आईला विचारायचं. विरलेल्या मैत्रीचं लक्षण उलटं असतं, ती बाकी ठिकाणी मजेत असते, तिचा नवीन ग्रुप असतो, आणि खरं सांगायचं तर तुझाही असतो.

तापीकाठची

नाही आक्का, ती छान आहे. सोसायटीच्या बायकांबरोबर ट्रेकला जाते, फोटो टाकते, मागच्या महिन्यात तिच्या आईला भेटले तेव्हा त्यापण म्हणाल्या मजेत आहे म्हणून. आणि हे एकदम नाही झालेलं, पाच-सहा वर्षं हळूहळू. आणि हो, माझंही तसंच आहे, धुळ्यात माझ्या शाळेतल्या बायकांशी मी जे बोलते ते आता तिच्याशी बोलत नाही.

केळीबाग

मी एक वेगळा मुद्दा मांडते. रॉबिन डनबर म्हणून ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सॅम रॉबर्ट्सने शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींचा १८ महिने मागोवा घेतला होता. भेटी आणि बोलणं कमी झालं की जवळीक कमी होत जाते हे त्यात दिसलं, नातेवाइकांच्या बाबतीत तेवढं होत नाही पण मैत्रीच्या बाबतीत होतं. मुलींची मैत्री टिकायला बोलणं जास्त कामाला येत होतं आणि मुलांची टिकायला एकत्र काहीतरी करणं, म्हणजे खेळणं वगैरे. मग तुमच्या बाबतीत वाईट कोणीच नाही, बोलणं थांबलं म्हणून अंतर पडलं.

पण २०२२ मधलं दुसरं एक संशोधन पण आहे, बऱ्याच दिवसांनी सहज आठवण म्हणून केलेला मेसेज समोरच्याला किती आवडतो याचा आपण नेहमी कमी अंदाज करतो, आणि अनपेक्षित असेल तर तो जास्तच आवडतो. म्हणून माझं म्हणणं, निरोप कशाला, एक साधा आठवणीचा मेसेज करा ना. कदाचित सुरळीत होईल.

तापीकाठची

केले आहेत गं असे मेसेज. तिला आवडतात हे खरंच आहे, हार्ट येतं, "अगं किती गोड" येतं. आवडत नाही असं नाहीच. त्याच्या पुढे काही होत नाही एवढंच. आणि मलाच आता पुढे काही व्हावं असं राहिलं नाहीये, हे लिहिताना जरा वाईट वाटतंय पण खरं आहे.

चाळीसगाव_जंक्शन

मी मेसेज मिळालेला माणूस आहे त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. माझा एक मित्र, लहानपणापासून क्रिकेट एकत्र, तो भुसावळला रेल्वेत लागला, मी इथेच दुकान बघतो. आमचंपण असंच कमी झालं. एका रात्री त्याचा मेसेज आला, "आजवर जे केलंस त्या सगळ्यासाठी थँक्यू भावा. यापुढे तुला त्रास देणार नाही. आनंदी राहा." बास एवढंच. वेळ रात्री साडेअकरा. मी फोन केला तर स्विच ऑफ.

मला काय वाटलं असेल तुम्हीच सांगा. माझे हातपाय गार पडले. घरात कोणाला न सांगता स्टेशनवर गेलो, मिळेल ती गाडी पकडून भुसावळला उतरलो, पहाटे त्याच्या क्वार्टरचं दार वाजवलं तर तो लुंगीवर दात घासत बाहेर आला. त्याला म्हणे नुसतं एवढंच सांगायचं होतं की आता दर रविवारी फोन करायचं बंधन नको, आणि फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. मी तिथेच पायरीवर बसून रडलो. राग नाही धरला पण ती रात्र अजून अंगावर येते.

म्हणून ताई, तुम्ही काय पण लिहा, पण असं लिहू नका की वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस जगातूनच चाललाय. शेवटचं, सगळ्यासाठी, यापुढे कधीच, हे शब्द नको. आणि रात्री नको.

सातपुडा_आक्का

चाळीसगावदादा, हे तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. हे खरोखर होतं, आणि लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. अशा मेसेजमध्ये लिहिणाऱ्याचं रोजचं जगणं चालू आहे हे दिसायलाच हवं. पहिल्याच ओळीत घरी सगळं ठीक आहे म्हणून सांगून टाकायचं. दुसरं कारण म्हणजे फोन लॉक असताना वरती पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, ती त्या स्वयंपाकघरात बघणार, शेजारी नवरा, मुलगा असणार. "मला तुला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय" एवढंच दिसलं तर दिवसभर पोटात गोळा.

आता तुझा मसुदा. धुळेकर म्हणतात ते बहुतेक मैत्रींच्या बाबतीत खरंच आहे, विरलेल्या मैत्रीला कागद लागत नाही. मेसेज लागतो तो एकाच परिस्थितीत, दोघींपैकी कोणीतरी अजून कशाची तरी वाट बघत असेल किंवा एखादा रिवाज अडकून पडला असेल तेव्हा. तुझ्याकडे भरीत आहे. ती विचारणार, तू तारीख धरणार, परत तेच. गप्प राहिलीस तर डिसेंबरात तुला खोटं तरी बोलावं लागेल नाहीतर परत वाट बघावी लागेल. म्हणून तुझ्या बाबतीत मी लिही म्हणेन.

पण तुझ्या मेसेजची मुख्य गडबड ही की त्यात सगळं आहे, उद्यापासून काय बदलणार तेवढंच नाहीये. ती वाचेल, रडेल, फोन करेल, "अगं असं काय, येते ना यंदा नक्की" म्हणेल, आणि तू परत तारीख विचारशील. आधी मला सांग, नेमकं काय थांबवायचंय आणि काय चालू ठेवायचंय? मैत्री थांबवायचीय असं नको सांगू, त्याचा काही अर्थ लागत नाही. करण्याच्या गोष्टी सांग.

तापीकाठची

थांबवायचं: भरीताची तारीख तिला विचारून धरणं. तिला वेगळा फोन करून बोलावणं. नाशिकला गेल्यावर भेटायचं ठरवणं. आणि ते वाट बघणं, पण ते मेसेजमध्ये लिहिता येणार नाही बहुतेक.

चालू: लग्नात, गल्लीत दिसली की मनापासून बोलणं. मावशींकडे जाणं. तिच्या घरी काही दुःखाचं झालं तर मी जाणारच, ते विचारायचीपण गरज नाही.

सातपुडा_आक्का

बघ, मेसेज जवळजवळ झालाच तुझा. आता जुन्यातलं काय काढायचं ते सांगते.

"मीच फोन करतेय, मीच ठरवतेय" ही ओळ हिशोब आहे. हिशोब मांडला की समोरची आपली वही काढते, मी पण तुझ्या बाळंतपणात आले होते की. त्याच्या लगेच खाली "दोष देत नाहीये" लिहिलंयस, तोवर देऊन झालेला असतो, आणि नाकारल्यामुळे तो जास्त दिसतो. "तू बिझी असतेस" म्हणजे तिचं कारण तूच ठरवून दिलंस, कदाचित ती बिझी नसेलच, तिलाही नुसतं तसं वाटेनासं झालं असेल. तिच्या बाजूचं काहीच लिहायचं नाही, जे माहीत आहे ते तुझ्या बाजूचं.

"तुला काय वाटतं?" हे काढच. प्रश्नचिन्ह टाकलं की उत्तर द्यावं लागतं, आणि निरोपाचा मेसेज असताना मत मागितलं तर ती बिचारी नको जाऊ म्हणण्याशिवाय काय म्हणणार. "माझं काही चुकलं असेल तर माफ कर", इथे तिला तुझी समजूत काढायला लागते. काही झालेलंच नाही तर माफी कशाची.

"नेहमीच बेस्ट फ्रेंड" आणि "कधीही काहीही लागलं तर" या दोन ओळी प्रेमाने आल्यात पण त्या बाकीच्या मेसेजच्या विरुद्ध जातात. तिला कळणारच नाही की तू थांबते आहेस की जवळ येते आहेस. जेवढं खरंच करणार आहेस तेवढंच लिही. लग्नात भेटले की बोलेन हे तू करशील, म्हणून ते लिही.

आणि एक आठवण घाल, एकच, पण अशी की जी दुसऱ्या कोणाला पाठवताच येणार नाही. "होस्टेलचे दिवस विसरणार नाही" हे तू दहा जणींना पाठवू शकतेस म्हणून ते नको.

शिरपूरकर

बहीण कसाले इतला इचार करस? मला हे सगळं फार वाटतंय. आमच्याकडे बाया भेटल्या की भेटल्या, नाही भेटल्या तर नाही. एवढं तोलूनमापून लिहिलेला मेसेज वाचून तिला परकं वाटेल असं मला वाटतं. फोन करा आणि बोला ना मोकळं. आवाजात जे कळतं ते लिहिण्यात नाही कळत.

सातपुडा_आक्का

शिरपूरकर, फोनचा मी पण विचार केला. फोनवर तिला त्याच मिनिटाला काहीतरी बोलावं लागतं, आणि त्या गडबडीत माणूस वचन देऊन बसतो. लिहिलेलं असलं की ती हातातलं काम संपवून, दार लावून, दोनदा वाचू शकते. पण तुमचं म्हणणं खोटं नाही, ज्या दोघींचं सगळं बोलण्यातच झालंय त्यांना लिहिलेलं परकं लागतं. यात मला एकच बरोबर असं म्हणता येणार नाही. व्हॉइस नोट मात्र नको, त्यात आवाज कापरा झाला की तेवढंच ऐकू येतं, शब्द राहतात बाजूला.

तापीकाठची

माझा आवाज भरून येईल हे नक्की, म्हणून लिहितेच. आठवण माझ्याकडे आहे. हे बघा नवीन:

"एक मनातलं सांगायचंय, काळजीचं काही नाही, घरी सगळे मजेत.

दर थंडीत भरीताची तारीख मी तुला विचारून धरत आले. यंदापासून घरच्यांच्या सोयीने धरेन आणि तुला वेगळा फोन नाही करणार. नाशिकला येणं झालं तरी भेटायचं ठरवणार नाही. आपल्या दोघींचे दिवस आता वेगळे झालेत आणि मला ते पटलंय. मनात राग नाही.

एम.ए.च्या शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री मला ताप होता आणि तू स्वतःचा अभ्यास सोडून मला नोट्स वाचून दाखवत बसलीस. ते माझ्याजवळ कायम आहे.

गावी, लग्नकार्यात दिसलीस की मी आपणहून येऊन बोलेन. मावशींकडे जाते तशी जात राहीन. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

केळीबाग

मला अजून वाटतं की थांबावं, पण मेसेज म्हणून हा पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, तापाची ओळ वाचून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. "मनात राग नाही" हे काढता येईल का? राग शब्द आला की राग आठवतो.

चाळीसगाव_जंक्शन

नाही केळीबाग ताई, ते राहू द्या. मला त्या रात्री दुसरी भीती हीच होती की हा रागावलाय. वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न येतोच येतो, एकदा सरळ नाही म्हटलेलं बरं. पण एकदाच, परत परत नको.

सातपुडा_आक्का

मी चाळीसगावदादांकडून. शेवटची ओळ मात्र बदल, "उत्तर दिलंच पाहिजे असं नाही" मध्ये दार लावल्यासारखं वाटतं. "वाटलं तर लिही, नाही लिहिलंस तरी चालेल" असं कर, दोन्ही मोकळं राहतं.

फैजपूर_फास्ट

मी फोनच्या बाजूचं सांगतो कारण यात लोक फसतात. तिचं चॅट उघडून त्यात लिहीत बसू नका, ती ऑनलाइन असली तर टायपिंग टायपिंग दिसत राहतं वरती, अर्धा तास दिसलं की तीच फोन करेल. आणि चुकून अर्धवट जातो. नोट्समध्ये लिहा, मग कॉपी करून एकाच मेसेजमध्ये टाका, तुकडे नको, कारण पहिला तुकडा गेला आणि नेट गेलं तर बाकीचा अर्थ तिला उलटाच लागेल. गेल्यावर १५ मिनिटं एडिट करता येतं व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळ्यांसाठी डिलीट साधारण दोन दिवस करता येतं पण करू नका, मेसेज डिलीट केला असं तिथे दिसतं आणि ते मेसेजपेक्षा जास्त टोचतं.

तुमचा होस्टेलचा कॉमन ग्रुप असेल तर त्याच दिवशी त्यातून बाहेर पडू नका. २०२२ पासून ग्रुप सोडला तर नोटिफिकेशन फक्त अ‍ॅडमिनला जातं, पण यादीत बघितलं की कळतंच. म्यूट करून ठेवा. डीपी, स्टेटस त्या आठवड्यात काही बदलू नका, दुःखाचे कोट तर टाकूच नका, माणूस त्यातून अर्थ काढतो.

तापीकाठची

टायपिंगचं लक्षातच आलं नव्हतं, मी तिच्या चॅटमध्येच लिहीत होते! हलवलं नोट्समध्ये.

कधी पाठवू? आणि तिचा पदवीदान समारंभात घेतलेला पैठणी दुपट्टा माझ्याकडे राहिलाय, तो मावशींकडे दिला तर चालेल ना त्याच वेळी?

सातपुडा_आक्का

दुपट्टा आत्ता अजिबात नको. मेसेज आणि वस्तू एका आठवड्यात गेल्या की ते सामान परत केल्यासारखं होतं, आणि तो आईच्या हातात पडला की आई विचारणार. दोन-तीन महिन्यांनी सहज जाताना दे, "हा माझ्याकडे राहिला होता मावशी" म्हणून.

वेळ म्हणशील तर साध्या वारी, दुपारी तीन-चारच्या सुमारास, मुलगा शाळेतून यायच्या आधी. दिवाळी, आखाजी, तिचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, हे आणि त्यांच्या आधीचे दोन-चार दिवस सोड. सणाला मुली माहेरी येतात, तुम्ही समोरासमोर याल आणि सगळ्या घरादारासमोर ती अवघडेल. आणि डिसेंबर उजाडायच्या आत पाठव, तिने तारीख विचारल्यानंतर पाठवलास तर तिला वाटेल विचारल्यामुळे चिडली.

अजून एक. मावशी, वहिनी, होस्टेलच्या मैत्रिणी, कोणी विचारलं तर सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं आणि तेवढंच. "बोलणं कमी झालंय, पण चांगलं आहे आमचं." एकीला एवढं आणि दुसरीला तेवढं सांगितलं की आठ दिवसांत ते नाशिकला पोचतं, आणि तिच्या कानावर जातं ते तू लिहिलेलं नसतं.

धुळेकर७७

मी अजूनही पाठवू नका याच मताचा आहे पण भरीताचं ऐकून थोडा हललो. माझ्या मित्रांमध्ये असं काही अडकलेलं नव्हतं, म्हणून ते सोपं गेलं असेल. एक सुचवतो, "नाशिकला येणं झालं तरी भेटायचं ठरवणार नाही" ही ओळ काढा. भरीताचं सांगणं गरजेचं आहे कारण ती विचारते. नाशिकचं ती विचारत नाही, तुम्हीच ठरवता, मग तुम्ही नुसतं ठरवायचं थांबवलं की झालं. वाचायला ती ओळ दार आपटल्यासारखी लागते.

सातपुडा_आक्का

हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. धुळेकर बरोबर आहेत, काढ ती ओळ.

तापीकाठची

काढली. "यंदापासून" च्या जागी "आता" केलं, जरा हलकं वाटलं. काल मंगळवारी दुपारी पाठवला. निळ्या टिका संध्याकाळी आल्या. रात्रभर काही नाही. आज सकाळी उत्तर आलं, तिची परवानगी नाही म्हणून जसंच्या तसं टाकत नाही, पण तिने लिहिलंय की तिलाही दरवर्षी नक्की म्हणताना कसंतरी व्हायचं, नाही म्हणायला जीभ उचलायची नाही, आणि वाचून आधी रडले मग बरं वाटलं. पेपरच्या रात्रीबद्दल लिहिलंय की तिला आठवतच नव्हतं ते. आणि शेवटी, रविवारी फोन करते.

आता रविवारचं काय करू?

शिरपूरकर

बघा, मी म्हटलं होतं ना, आवाजच लागतो माणसाला. उचला फोन, बोला पोटभर. आणि ती भरीताला येते म्हणाली तर येऊ द्या की.

सातपुडा_आक्का

फोन उचल, नक्की उचल. आत्ता तिला एवढंच लिही, "वाचलं, बरं वाटलं" आणि पुढे वाढवू नको. रविवारी ती दोन-तीन गोष्टी बोलेल, ऐक. बहुतेक वेळा भावनेच्या भरात माणूस म्हणतो की आता आपण दर आठवड्याला बोलत जाऊ, ते आलं तर हो पण म्हणू नको आणि नाही पण. "जमेल तसं" म्हण. भरीताचं निघालं तर तारीख धरल्यावर सांग, तिच्यासाठी हलवायची नाही. आणि तिने फोन केलाच नाही तर तू करायचा नाहीस. हे जड जाईल, पण रविवारी दिवसभर फोन हातात धरून बसलीस तर जे थांबवायचं होतं तेच परत सुरू होईल. शेतात जा त्या दिवशी.

केळीबाग

आक्का, मला हे नाही पटत. दोघींना बरं वाटलंय, बाई फोन करतेय, तर मैत्री परत जुळत असेल तर अडवायचं का? "जमेल तसं" म्हणून तिला परत लांब कशाला ढकलायचं?

सातपुडा_आक्का

अडवत नाहीये गं. परत जुळली तर ती नवीन बोलण्यातून जुळेल, आणि ते पुढच्या सहा महिन्यांत दिसेल, तेव्हा कोणी कोणाला विचारायची गरज राहणार नाही. रविवारच्या एका फोनवरून मी तरी ठरवणार नाही. तू वेगळं म्हणू शकतेस, तुझ्याही म्हणण्यात दम आहे.

तापीकाठची

मी केळीबाग आणि आक्का दोघींचं वाचलं. रविवारी सकाळी बाबांबरोबर शेतात जाणार आहे, तिथे रेंज येते जाते. आला तर उचलेन. भरीताची तारीख वहिनीला आज सांगून टाकली, जानेवारीतला दुसरा रविवार, भावाला सुट्टी असते तेव्हा. वहिनीने विचारलं मैत्रिणीला विचारलंस का, मी म्हटलं नाही, यंदा आपल्या सोयीनेच धरू. ती हो म्हणाली आणि किती किलो वांगी लागतील ते मोजायला लागली.

आसोदेकर

माणशी पाव किलोच्या वर धरा ताई, भाजल्यावर बसतं ते.